दर महिन्याचा सेल्स रिपोर्ट मालक बघतात आणि बाजूला ठेवतात, त्यातून निर्णय निघेल असा कसा बनवायचा?

श्वेता_तुर्भे
नमस्कार मंडळी. तुर्भे एमआयडीसीत एका फरसाण बनवणाऱ्या कंपनीत अकाउंट्स आणि एमआयएस दोन्ही बघते. माल ठाणे, कल्याण, डोंबिवली, पनवेल, वाशी या पट्ट्यातल्या डिस्ट्रिब्युटर्सना जातो. दर महिन्याला टॅलीतून डेटा काढून एक्सेल करते, आयटमवाइज, पार्टीवाइज, सेल्समनवाइज, एरियावाइज अशा सगळ्या शीट असतात. मालक पहिल्या शीटवरचा टोटल बघतात, वाढला असेल तर खूश, नसेल तर सेल्सवाल्यांना केबिनमध्ये बोलावतात, बाकीच्या शीट कोणी उघडत नाही.

आता ऑक्टोबर 2025 चा आकडा आलाय 107 लाख, गेल्या ऑक्टोबरला 88 लाख होता, म्हणजे जवळपास 22 टक्के वाढ. मालक म्हणतायत की दिवाळीची स्कीम जोरात चालली, तीच डिसेंबरपर्यंत चालू ठेवू आणि दहाच्या पुडीसाठी अजून एक पॅकिंग मशीन घेऊ. मला काहीतरी खटकतंय कारण बँकेत पैसा तेवढा दिसत नाहीये, पण नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळत नाही. सोमवारी मीटिंग आहे. कोणी हे काम केलेलं असेल तर सांगा प्लीज.

विकी_घणसोली
ताई एक्सेलच्या शीट कोणी बघणारच नाही, पॉवर बीआयमध्ये डॅशबोर्ड करा. टॅलीचा डेटा जोडता येतो, वर चार मोठे आकडे, खाली ट्रेंडचा ग्राफ, एरियावर क्लिक केलं की पार्ट्या उघडतात. आमच्या महापेच्या ऑफिसात सगळे मॅनेजर मोबाइलवर बघतात. आणि तुलना नेहमी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची, मागच्या महिन्याशी नाही, कारण सीझन असतो. ते तुम्ही बरोबर केलंय.

डोंबिवलीकर_निलेश
माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सेल वाढवायचा असेल तर स्कीम पाहिजेच, मी पेंटवर ब्रश फुकट दिला तेव्हा गिऱ्हाईक वाढलं. मालक बरोबर बोलतायत, चालू ठेवा.

श्वेता_तुर्भे
निलेशदादा सेल कसा वाढवायचा हा प्रश्न नाहीये, वाढला तो खरंच वाढला का हे कसं दाखवायचं असं विचारतेय.

कॉस्टिंगकाका
श्वेताताई, मी वागळे इस्टेटला बरीच वर्षं कॉस्टिंग केलं, आता कन्सल्टिंग करतो. आधी एक करा, शीट बंद करा आणि कागदावर लिहा की मालक या महिन्यात कशावर हो किंवा नाही म्हणणार आहेत. तुमच्या पोस्टमध्येच दोन गोष्टी आहेत, स्कीम चालू ठेवायची का आणि मशीन घ्यायचं का. रिपोर्ट या दोघांसाठीच, बाकी सगळ्या शीट मागितल्या तर द्यायला हाताशी ठेवा.

आता आकडा. विकीने लिहिलंय की त्याच महिन्याशी तुलना करा, एरवी ते ठीक आहे पण सणाच्या महिन्यात त्यानेच फसतं कारण दिवाळी तारखेने हलते. 2024 ला धनत्रयोदशी 29 ऑक्टोबरला होती आणि लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला. 2025 ला धनत्रयोदशी 18 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबर. म्हणजे यंदा दुकानदाराने माल अकरा दिवस आधी भरायला हवा होता, बरीचशी खरेदी सप्टेंबरमध्ये यायला हवी होती आणि ऑक्टोबर उलट थोडा हलका दिसायला हवा होता. तुमचा ऑक्टोबर मात्र फुगलाय. सप्टेंबरचे दोन्ही वर्षांचे आकडे टाका. आणि हे आकडे जीएसटी धरून आहेत का सोडून?

श्वेता_तुर्भे
जीएसटी सोडून आहेत काका, टॅक्सेबल व्हॅल्यू घेतली आहे. सप्टेंबर 2024 ला 62 लाख होते, सप्टेंबर 2025 ला 49 लाख.

मनीषा_कळवा
अगं हे तर उघड आहे! मी एका दुसऱ्या फूड कंपनीत सेल्स ऑफिसर आहे, ठाणे ते बदलापूर रूट. 3 सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने जाहीर केलं की नमकीन 12 वरून 5 टक्क्यावर येणार आणि 22 सप्टेंबरपासून लागू, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी. त्या मधल्या दिवसांत कुठलाही डिस्ट्रिब्युटर माल उचलायलाच तयार नव्हता, जो तो म्हणायचा 22 नंतर पाठवा, जुन्या रेटचा स्टॉक अंगावर नको. मग 22 नंतर सगळ्यांनी एकदम ऑर्डर टाकल्या आणि दिवाळी तोंडावर, गाड्या मिळत नव्हत्या. तुझ्या ऑक्टोबरमध्ये सप्टेंबरचा माल बसलाय.

कॉस्टिंगकाका
मनीषाताईंनी नेमकं सांगितलं. म्हणजे इथे दोन कारणं एकमेकांच्या उलट ओढतायत, दिवाळी आधी आल्याने विक्री सप्टेंबरकडे सरकायला हवी होती आणि टॅक्सच्या तारखेने ती ऑक्टोबरकडे ढकलली. कुठलाही एक महिना घेतला तरी खोटं चित्र येणार. दोन्ही महिने एकत्र करा. 2024 ला 62 आणि 88 मिळून 150 लाख. 2025 ला 49 आणि 107 मिळून 156 लाख. वाढ 4 टक्के. 22 नाही.

हेही अगदी तंतोतंत नाही, कारण दिवाळीनंतरची मंदी यंदा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू झाली आणि गेल्या वर्षी ती पूर्ण नोव्हेंबरमध्ये होती. नोव्हेंबर संपला की तिन्ही महिने जोडून परत बघा. सोमवारसाठी दोन महिन्यांची बेरीज पुरेशी आहे, फक्त खाली एका ओळीत ही गोष्ट लिहा.

विकी_घणसोली
मान्य, दिवाळीचा विचार मी केला नव्हता. पण डॅशबोर्डमध्ये हे आपोआप होऊ शकतं, दिवाळीला किती दिवस आहेत असा कॉलम टाकून.

कॉस्टिंगकाका
होऊ शकतं आणि चांगलं होईल, पण जीएसटीचा कॉलम कोण टाकणार, ते मनीषाताईंसारखं कोणीतरी बाजारातून येऊन सांगावं लागतं. म्हणून रिपोर्ट पाठवण्याआधी एका सेल्सवाल्याला फोन करून आकडा वाचून दाखवावा, हे मी प्रत्येक क्लायंटला सांगतो.

श्वेताताई, आता पुढचं. तुमच्याकडे माल किती प्रकारचा आहे? सगळे आयटम नकोत, ज्यांचं मार्जिन साधारण सारखं असे दोन-तीन गट करा. प्रत्येक गटाचे किलो आणि रुपये द्या, दोन्ही वर्षांचे, सप्टेंबर-ऑक्टोबर मिळून. आणि स्कीम काय होती ते सांगा.

श्वेता_तुर्भे
दोनच गट होतात खरं तर. मोठी पाकिटं, 200 आणि 400 ग्रॅमची, आणि दहा रुपयांची पुडी. स्कीम फक्त मोठ्या पाकिटांवर होती, 40 वर 1 फुकट, या वर्षीच पहिल्यांदा दिली.

मोठी पाकिटं: 2024 ला 45,000 किलो, 90 लाख. 2025 ला 40,000 किलो, 78 लाख.
पुडी: 2024 ला 37,500 किलो, 60 लाख. 2025 ला 48,750 किलो, 78 लाख.

आमच्या कॉस्टशीटप्रमाणे मोठ्या पाकिटाला किलोमागे 150 रुपये खर्च येतो, म्हणजे कच्चा माल, पॅकिंग, गाडीभाडं, आणि पुडीला 140. पगार, भाडं त्यात नाही.

कॉस्टिंगकाका
40,000 किलोमध्ये फुकट गेलेला माल धरलाय का? टॅलीत फुकटचा माल शून्य रेटने बिलात जातो, आणि पुष्कळ लोक रेट शून्य असलेल्या ओळी फिल्टर करून टाकतात. मग सरासरी भाव 200 च दिसतो आणि स्कीमचा खर्च रिपोर्टमधून गायबच होतो.

श्वेता_तुर्भे
धरलाय, तपासून बघितलं. हा फॉर्म्युला लावलाय, Kg मध्ये शून्य रेटच्या ओळीही आहेत. A2 मध्ये गटाचं नाव आहे.

```
=SUMIFS(Value,Group,A2)/SUMIFS(Kg,Group,A2)
```

मोठ्या पाकिटाला 195 येतोय.

कॉस्टिंगकाका
बरोबर. 40 वर 1 म्हणजे 41 नग दिले आणि पैसे 40 चे आले, 200 चा भाव 195 च्या आसपास येतो. जुळलं. आता हातात काय उरतं ते बघू, विक्रीतून फक्त तो 150 आणि 140 चा खर्च वजा करून.

2024 ला मोठ्या पाकिटात किलोमागे 50 उरत होते, 45,000 किलोवर 22.5 लाख. पुडीत किलोमागे 20, म्हणजे 7.5 लाख. एकूण 30 लाख.
2025 ला मोठ्या पाकिटात 45 उरले, 40,000 किलोवर 18 लाख. पुडीत 20 च, 48,750 किलोवर 9.75 लाख. एकूण 27.75 लाख.

विक्री 6 लाखांनी वाढली आणि उरणारे पैसे सव्वादोन लाखांनी कमी झाले. बँकेत पैसा दिसत नाही म्हणालात, त्यातला एक भाग इथे आहे. उधारी वाढली असेल तर तो वेगळा भाग, तो वेगळाच बघा, यात मिसळू नका.

आता हे सव्वादोन लाख कुठे गेले ते फोडायचं, कारण मालकांना निर्णय तिथेच घ्यायचाय. स्कीममुळे किलोमागे 5 रुपये गेले, 40,000 किलोवर 2 लाख. मोठी पाकिटं 5,000 किलो कमी खपली, प्रत्येकी 50 प्रमाणे अडीच लाख. पुडी 11,250 किलो जास्त खपली, 20 प्रमाणे सव्वादोन लाख आले. वजा 2, वजा अडीच, अधिक सव्वादोन, बरोबर वजा सव्वादोन. हिशोब मिटला पाहिजे, एक रुपया जरी उरला तरी कुठेतरी ओळ सुटली आहे असं समजा.

स_रा_पाटील_ऐरोली
काका, मी कॉस्ट अकाउंटंटची इंटर झालेलो आहे. हे प्राइस, व्हॉल्यूम, मिक्स असं तीन भागात फोडतात ना? एकूण किलो वाढले त्याचा फायदा आणि मिक्स बिघडल्याचा, म्हणजे कमी मार्जिनच्या मालाचा वाटा वाढल्याचा, तोटा वेगळा दाखवायला हवा. तुम्ही मिक्स दाखवलाच नाही. आणि खर्च दोन्ही वर्षी सारखाच कसा, सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरची आयात ड्युटी 0 वरून 20 टक्के झाली होती, मग 2025 च्या मे अखेरीस 10 वर आली, तेलाचे भाव किती हलले!

कॉस्टिंगकाका
पाटील, दोन्ही मुद्दे चांगले आहेत. मिक्सचं म्हणाल तर काढता येतो, किलो 82,500 वरून 88,750 झाले, वाढलेल्या 6,250 किलोवर जुनं सरासरी 36 रुपयांचं मार्जिन धरलं तर सव्वादोन लाखाच्या थोडं वर फायदा येतो आणि मिक्सचा तोटा अडीच लाखाच्या आसपास येतो. आकडा बरोबर आहे, पण मालकांसमोर मिक्स नावाची ओळ ठेवली तर ते विचारणार की मग मी काय करू, आणि त्याला उत्तर नाही. मोठं पाकीट 5,000 किलोने पडलं म्हटलं की ते लगेच विचारतात कुठे पडलं. गट वीस असते तर मी तुमच्यासारखं केलं असतं, दोनच गट आहेत तर सरळ नावानिशी दाखवावं.

खर्च मी मुद्दाम सारखा ठेवला. तेल महागलं-स्वस्त झालं हा खरेदीचा प्रश्न, स्कीम द्यायची का हा विक्रीचा. दोन्ही एका ओळीत आले तर तेल स्वस्त झाल्याच्या महिन्यात वाईट स्कीमसुद्धा चांगली दिसते. म्हणून ठरवलेला खर्च वर्षभर एकच धरायचा आणि प्रत्यक्ष खर्चाचा फरक खाली स्वतंत्र ओळीत द्यायचा. द्यायचा मात्र नक्की, सोडून द्यायचा नाही.

स_रा_पाटील_ऐरोली
खर्चाचं पटलं. मिक्सचं मला अजून वाटतं की दाखवायला हवा, मालकांना सवय लागेल.

मनीषा_कळवा
एक शंका. पुडी 30 टक्के वाढली असं म्हणताय किलोत, पण टॅक्स कमी झाल्यावर दहाची पुडी दहालाच राहिली ना? आम्ही तर ग्रॅम वाढवले, एमआरपी तीच. तुमच्याकडे पण वाढवले असतील तर नग तेवढे वाढलेलेच नाहीत.

श्वेता_तुर्भे
हो वाढवले! 22 सप्टेंबरनंतरच्या बॅचपासून 30 ग्रॅमची 32 केली.

कॉस्टिंगकाका
वा मनीषाताई, हे माझ्या डोळ्यांसमोरून सुटलं असतं. टॅक्स 12 वरून 5 झाला की तेवढ्याच एमआरपीत साधारण पावणेसात टक्के जागा मिळते, 30 चे 32 ग्रॅम म्हणजे तीच जागा गिऱ्हाइकाला दिली, म्हणून किलोमागे भाव 160 च राहिला. म्हणजे सगळा माल नवीन ग्रॅमचा धरला तरी नगात वाढ 22 टक्क्यांच्या आसपास, आणि सप्टेंबरचा बराचसा जुना 30 ग्रॅमचा असणार, तर खरी वाढ 22 आणि 30 च्या मध्ये कुठेतरी. वाढ आहे, खोटी नाही, पण मशीन नग भरतं, किलो नाही. मशीनचा निर्णय नगांवर बघायचा. श्वेताताई, नगांची संख्या काढा आणि पुडीचं मशीन या दोन महिन्यांत किती शिफ्ट चाललं ते प्रॉडक्शनकडून आणा.

विकी_घणसोली
मग स्कीम बंद करायला सांगायची ना? 2 लाख वाया गेले.

कॉस्टिंगकाका
एवढ्या लवकर नाही. 50 चं मार्जिन 45 केलं तर तेवढेच पैसे मिळायला किलो 11 टक्क्यांनी वाढायला हवे होते, इथे 11 टक्क्यांनी पडले. स्कीमच्या विरोधात दिसतंय, पण स्कीम नसती तर 20 टक्क्यांनी पडले असते असं सेल्स म्हणू शकतं आणि त्यांना खोटं पाडायला तुमच्याकडे काही नाही, कारण स्कीम सगळीकडे एकदम दिली. पनवेलला दिली आणि वाशीला दिली नाही असं असतं तर कळलं असतं.

एक गोष्ट मात्र आत्ता कळू शकते. तुमची विक्री म्हणजे डिस्ट्रिब्युटरला गेलेला माल. त्याच्याकडून दुकानात किती गेला? प्रत्येक डिस्ट्रिब्युटरला फोन करून मोठ्या पाकिटांचा 31 ऑक्टोबरचा स्टॉक विचारा.

मनीषा_कळवा
फोनवर खरं सांगत नाहीत हां. जास्त स्टॉक आहे म्हटलं की कंपनी पुढची ऑर्डर मागणार नाही पण स्कीमही बंद करेल हे त्यांना माहीत असतं. आपल्या सेल्समनला गोडाऊनमध्ये पाठवून खोके मोजायला लाव, बॅच नंबरसकट. आणि दिवाळीचा परत माल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतो, तेव्हा क्रेडिट नोटा त्या महिन्यात पडतात, ऑक्टोबर कायम छान दिसतो आणि डिसेंबर कायम वाईट.

डोंबिवलीकर_निलेश
आमच्याकडे पण हेच होतं, पेंट कंपनीचा माणूस महिनाअखेरीला माल गळ्यात मारून जातो, स्कीम आहे म्हणून मी घेतो, मग दोन महिने ऑर्डर देत नाही. आता कळलं तुम्ही काय विचारताय ते.

श्वेता_तुर्भे
मोजून आणलं. सगळीकडे जाता आलं नाही, चार मोठ्या पार्ट्या झाल्या, दिवसाला किती माल बाहेर जातो हे त्यांच्या ऑक्टोबरच्या बिलांवरून काढलं. वाशी आणि ठाण्याच्या पार्टीकडे मोठ्या पाकिटांचा 12-13 दिवसांचा स्टॉक, नेहमीसारखाच. पनवेल 20. कल्याणच्या पार्टीकडे 48 दिवसांचा, बरेचसे खोके ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या बॅचचे, म्हणजे स्कीममधलेच. आणि पुडी कुठेच साठलेली नाही, कल्याणला तर संपलेली होती.

मीटिंगसाठी असं लिहिलंय, बघा काका:

"सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये विक्री समाधानकारक असून 4% वाढ झाली आहे. तथापि मार्जिनमध्ये घट आढळून आली आहे. स्कीम व स्टॉकचा आढावा घेणे आवश्यक आहे."

कॉस्टिंगकाका
हे वाचून मालक मान हलवतील आणि चहा मागवतील. आढावा घेणे आवश्यक आहे म्हणजे कोणी घ्यायचा? असं करा:

"सप्टेंबर-ऑक्टोबर मिळून विक्री 150 वरून 156 लाख झाली, पण खर्च जाऊन उरलेले पैसे 30 वरून 27.75 लाखांवर आले. एकट्या ऑक्टोबरची 22 टक्के वाढ ही मुख्यतः जीएसटीमुळे थांबलेली सप्टेंबरची खरेदी आहे. मोठी पाकिटं 5,000 किलो कमी गेली आणि त्यावर 2 लाखांची स्कीम दिली, कल्याणच्या पार्टीकडे त्यातला 48 दिवसांचा माल अजून पडून आहे. पुडीची वाढ दुकानापर्यंत पोचलेली दिसते.
ठरवायचं: 1) कल्याणला मोठ्या पाकिटांची स्कीम आणि नवीन माल नोव्हेंबरमध्ये थांबवावा का. 2) डिसेंबरमध्ये स्कीम फक्त पनवेलला देऊन वाशीशी तुलना करावी का. 3) मशीनचा निर्णय नग आणि शिफ्टचे आकडे आल्यावर, तारीख आजच ठरवावी."

खाली ती तीन ओळींची फोड, वजा 2, वजा अडीच, अधिक सव्वादोन. एक पान. आणि नोव्हेंबरच्या रिपोर्टमध्ये पहिली गोष्ट हीच लिहायची की या तीनपैकी काय ठरलं आणि त्याचं काय झालं.

स_रा_पाटील_ऐरोली
पनवेल आणि वाशीची तुलना मला धोक्याची वाटते, पनवेलला आधीच 20 दिवसांचा स्टॉक आहे, दोन्ही मार्केट सारखी नाहीत.

कॉस्टिंगकाका
बरोबर आहे, ठाणे आणि वाशी घेतलं तर जास्त जुळेल, स्टॉक दोघांकडे सारखा आहे. ते बदला.

श्वेता_तुर्भे
मीटिंग झाली. कल्याणला स्कीम थांबवली, सेल्स मॅनेजर नाराज आहेत, म्हणतात पार्टी दुसऱ्या कंपनीकडे जाईल. डिसेंबरमध्ये स्कीम फक्त ठाण्याला द्यायची, वाशीला नाही, हे मालकांनी मान्य केलं. मशीनचं ठरलं नाही. प्रॉडक्शनने सांगितलं की पुडीचं मशीन ऑक्टोबरमध्ये दोन्ही शिफ्ट फुल होतं आणि तीन रविवारही चालवलं, पण नोव्हेंबरमध्ये आत्ता एकाच शिफ्टमध्ये काम भागतंय.

कॉस्टिंगकाका
म्हणजे मशीन फक्त सणाच्या महिन्यातच कमी पडतंय. मग अजून एक आकडा लागेल, रविवारच्या ओव्हरटाइमचा आणि बाहेरून पॅकिंग करून घेतलं तर किलोमागे किती पडतं याचा. पुडीत 20 च रुपये आहेत, त्यातले 8 बाहेरच्या पॅकिंगला गेले तरी मशीनचा हप्ता वर्षभर भरण्यापेक्षा ते स्वस्त पडू शकतं, किंवा नाहीही. भाव मागवा, मग बघू.

मनीषा_कळवा
रबाळेला जॉब वर्कवर पाऊच पॅकिंग करणारे आहेत, विचारून नंबर व्यनि करते. एफएसएसएआय लायसन्स बघून घे मात्र आधी.